परदेशी विद्यार्थिनी घरी राहायला येतायत, पहिल्या बोलण्यात काय सांगावं?

प्रश्न: आमच्याकडे ऑगस्टपासून चार महिने दोन अमेरिकन मुली राहायला येणार आहेत. आमची पहिलीच वेळ. कोथरूडला घर, आम्ही दोघं आणि सासूबाई. जेवण, रात्री परत यायची वेळ, कपडे, घरातल्या पद्धती हे सगळं सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं असं वाटतं, पण खडूस घरमालकीण ठरायला नको. कसं सांगू?

उत्तर:

आमच्या एरंडवण्यातल्या घरी गेली सतरा वर्षं शिकायला आलेली परदेशी मुलं राहतायत, त्यातली बहुतेक अमेरिकन. सुरुवातीची दोन वर्षं मीही खडूस दिसायला घाबरत होते, म्हणून काहीच सांगायचे नाही. "हे तुमचंच घर समजा" एवढं म्हणायचे आणि मोकळी व्हायचे. हे वाक्य तुम्ही अजिबात म्हणू नका. आपल्याकडे ते ऐकणाऱ्याला त्याचा खरा अर्थ कळतो. परदेशी मुलगी मात्र ते शब्दशः घेते. स्वतःच्या घरी करते तसंच इथे करते, म्हणजे फ्रीज उघडून विरजणासाठी काढून ठेवलेलं दूध पिते आणि रात्री दीडला येऊन बेल वाजवते. आपण मनात धुसफुसतो आणि तिला पत्ताच नसतो. नियम सांगितला म्हणून आजवर माझ्यावर कुणी रागावलं नाही. नियम होता आणि तो तीन आठवड्यांनी माझ्या चेहऱ्यावरून कळला, म्हणून मात्र दोघी रागावल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

बऱ्याच गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. पाणी किती वेळ येतं, सोसायटीचं गेट किती वाजता बंद होतं, सासूबाईंचं सोवळंओवळं किती आहे, हे मला माहीत नाही. शिवाय मुलींना पाठवणाऱ्या कार्यक्रमाचे स्वतःचे नियम असतात. त्यांच्या समन्वयकाकडून ते आधी लेखी मागून घ्या. त्यांची वेळ रात्री अकराची आणि तुमची साडेनऊची असेल, तर हा वाद मुली यायच्या आधी तुमच्यात आणि समन्वयकात मिटला पाहिजे.

आता बोलायचं कधी, ते बघू. मुली पोचल्या त्या संध्याकाळी नाही. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, त्यामुळे इथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा त्यांच्या शरीराच्या हिशेबाने सकाळचे साडेदहा. वर दोन रात्रींची झोप नाही. मी एकदा हौसेने पहिल्याच रात्री अर्धा तास सगळं समजावलं होतं. मुलगी हसून मान डोलवत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी फक्त हाताने दाखवायच्या गोष्टी ठेवा. प्यायचं पाणी कुठल्या फिल्टरचं, आणि दात घासायलाही तेच घ्यायचं. गिझरचं बटण कुठलं, आंघोळीआधी पंधरा मिनिटं लावायचं आणि नंतर बंद करायचं. बादली आणि आंघोळीचा मग कशासाठी, संडासातला फवारा कसा वापरायचा, कागद वापरला तर तो कमोडमध्ये न टाकता डब्यात टाकायचा. शेवटची गोष्ट बोलायला आपल्यालाच लाज वाटते, पण ती राहिली की आठवड्याने प्लंबर बोलवावा लागतो. रात्री टेबलावर केळी, ब्रेड, बिस्किटं झाकून ठेवा आणि ती दाखवून ठेवा. पहाटे तीनला त्यांना कडकडून भूक लागते, आणि अनोळखी स्वयंपाकघरात दिवा लावायची हिंमत होत नाही.

खरं बोलणं दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, नाश्ता झाल्यावर, टेबलाशीच करा. घरातली सगळी माणसं असावीत, सासूबाईसुद्धा. अर्ध्या तासापेक्षा जास्त नको.

मी जेवणापासून सुरुवात करते, पण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मुली यायच्या आधीच उरकायचा असतो. काय खात नाही आणि काय खाल्लं तर त्रास होतो, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. आमच्याकडे एक मुलगी आली होती, तिच्या अर्जात शेंगदाण्याची ॲलर्जी लिहिलेली होती. मी कूट बंद केलं, लसणाची चटणी कपाटात टाकली आणि निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी कोबीची भाजी खाताना तिचे ओठ सुजायला लागले आणि घसा खाजायला लागला. भाजीत दाणा नव्हता, पण फोडणी घाण्यावरच्या शेंगदाणा तेलाची होती. तिने तिचं इंजेक्शनचं पेन मांडीत टोचलं, आम्ही रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, रात्रभर तिला देखरेखीखाली ठेवलं. नंतर डॉक्टरांनी समजावलं की ॲलर्जी दाण्यातल्या प्रथिनाची असते. कारखान्यात पूर्ण रिफाइन केलेल्या तेलात ते जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं. मी तेव्हापासून हा हिशेबच करत बसत नाही. अशी मुलगी असली की ते चार महिने घरात सूर्यफुलाचं तेल, आणि शेंगदाणे घराबाहेर. ते पेन ती कुठे ठेवते आणि कसं टोचायचं, हे मी पहिल्याच दिवशी तिच्याकडून शिकून घेते. घरात एकट्या सासूबाई असतील तेव्हा काय, याचाही विचार करा.

गव्हाचा त्रास असलेली मुलगी असेल तर आपण पोळीऐवजी भाकरी देतो आणि झालं असं समजतो. आपल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. डबीवरचं वाचा. दूधदुभतं अजिबात न खाणाऱ्यांच्या बाबतीत तूप, ताक आणि चहातलं दूध आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, इतकं ते रोजचं असतं.

बाकी जेवणाबद्दल त्यांना सांगायचं ते सोपं आहे. वेळा सांगा, आणि घरी जेवायला नसणार असाल तर किती वाजेपर्यंत कळवायचं ते सांगा. मी संध्याकाळी सहा म्हणते, कारण साडेसहाला मी कणीक भिजवते. कारण सांगितलं की वेळ लक्षात राहते. त्यांच्याकडे रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला होतं, आपलं साडेआठ-नऊला, म्हणून पाचच्या चहाबरोबर काहीतरी पोटभरीचं द्या. नाहीतर त्या बाहेर वडापाव खाऊन येतील आणि रात्री पानात टाकून उठतील.

पानात टाकण्यावरून आठवलं. आपला आग्रह त्यांना कळत नाही. पहिलं 'नको' आपण लाजेखातर म्हटलंय असं समजतो आणि वाढतोच. त्यांना वाटतं आपलं ऐकलंच नाही. मग त्या भिडेपोटी खातात, किंवा पानात ठेवून उठतात, आणि सासूबाईंना वाटतं मुलीला अन्नाची किंमत नाही. मी त्यांना सरळ शिकवते: "आमच्या आजी तीनदा विचारतील, ते त्यांचं प्रेम आहे. तुम्हाला खरंच नको असेल तर पानावर हात आडवा धरा आणि 'पुरे' म्हणा. मग कुणी वाढणार नाही. पानात घेतलेलं मात्र संपवायचं. म्हणून आधी थोडंच घ्या." आणि मग घरच्यांनीही तो आडवा हात पाळायचा. इथे चूक आपल्याकडूनच होते. उष्टंही समजावून सांगावं लागतं. तोंडाला लावलेली बाटली फ्रीजमध्ये परत ठेवायची नाही, पानातला चमचा भाजीच्या भांड्यात घालायचा नाही. त्यांना यात काही गैर वाटत नसतं, म्हणून कारणासकट सांगा. जेवण झाल्यावर ताट कुठे ठेवायचं, खरकटं कशात काढायचं, हे एकदा दाखवा. मदत करू का असं विचारलं तर 'नको नको' करू नका, कोशिंबिरीची काकडी चोचवायला द्या. मुली स्वयंपाकघरात घरच्या होतात.

रात्रीच्या वेळेचं बोलणं सगळ्यांना अवघड वाटतं. या मुली वीस-एकवीस वर्षांच्या असतात आणि अठराव्या वर्षापासून वसतिगृहात कुणालाही न विचारता राहिलेल्या असतात. 'परवानगी' हा शब्द आला की त्यांचं डोकं फिरतं. मी जवळजवळ या शब्दांत सांगते: "आमच्या घराचं दार साडेदहाला आतून बंद होतं. त्यानंतर कडी काढायला कुणीतरी जागं राहावं लागतं, आणि ती मी असते. तुम्ही बाहेर असाल तोवर मला झोप लागत नाही, हा माझा स्वभाव आहे, तो चार महिन्यांत बदलणार नाही. म्हणून रोज दहापर्यंत घरी या. शुक्रवारी-शनिवारी अकरा. उशीर होणार असेल तर साडेनऊच्या आत मेसेज करा: कुठे आहात, कुणाबरोबर आहात, कशाने येणार. मी नाही म्हणणार नाही, फक्त मला कळू दे. रात्री बाहेर राहणार असाल तर मला आणि समन्वयकांना, दोघांनाही त्या दिवशी सहाच्या आत सांगा."

हे सगळं लिहायला सोपं आहे. एका वर्षी एक मुलगी पावणेअकरा झाले तरी आली नाही, फोन बंद. मी समन्वयकांना उठवलं, त्यांनी तिच्या चार मैत्रिणींना उठवलं. बाईसाहेब अकरा वाजून दहा मिनिटांनी आल्या. मैत्रिणीकडे सिनेमा बघत होत्या, फोनची बॅटरी संपली होती. आणि उलट तीच रागावली, मी लहान मुलीसारखं तिला शोधलं म्हणून. दुसऱ्या दिवशी दोघी शांत झाल्यावर बसलो. तिचं म्हणणं होतं, उशीर झाला की तुम्ही थेट वर तक्रार करता. माझं म्हणणं, मला दुसरा रस्ताच नव्हता. तेव्हा ठरवलं की माझा आणि काकांचा नंबर कागदावर लिहून तिच्या पाकिटात ठेवायचा. फोन मेला तर दुसऱ्या कुणाच्याही फोनवरून एक फोन. आणि ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास मी कुणाला उठवणार नाही, तिच्या मैत्रिणीचा जो एक नंबर माझ्याकडे असेल त्यावर आधी विचारेन. आता तो कागद मी प्रत्येकीला पहिल्या दिवशीच देते. मागच्या बाजूला घराचा पत्ता मराठीत आणि जवळची खूण, म्हणजे रिक्षावाल्याला दाखवता येतो.

वेळेमागचं एक कारण त्यांना पटकन पटतं, ते म्हणजे कुत्री. रात्री दहानंतर आमच्या गल्लीत त्यांचंच राज्य असतं. पळायचं नाही, आणि चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. लपवायचं नाही. दारूबद्दलही एकदा बोलून टाका. अमेरिकेत एकविसाव्या वर्षी सगळंच कायदेशीर होतं. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्हिस्की-रमसारख्या दारूला २५ वर्षांची अट आहे, हे त्यांना माहीत नसतं. घरात आणायची नाही, हे आमच्याकडे मी स्पष्ट सांगते. तुमचं तुम्ही ठरवा.

अजून एक. पुढे कधी मुलगे ठेवलेत तर त्यांनाही हीच वेळ सांगा. मी एकदा मुलाला अकरा आणि मुलीला दहा सांगितलं होतं. तिने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, ही जास्तीची ६० मिनिटं त्याला कशासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कपड्यांचं बोलणं बाईनेच करावं, आणि मुली एकट्या असताना. आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस मशीन त्यांचं, बुधवारी आणि रविवारी. दिवस ठरवण्याचं कारण पाणी. पुण्यात दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं, आणि अशा गुरुवारी कुणी मशीनला जीन्स लावल्या की घरात महायुद्ध होतं. आतले कपडे कोण धुणार हे न लाजता सांगा. आमच्या मावशी ते धूत नाहीत, आणि माझ्या मते त्यांनी धुवावेत अशी अपेक्षाही करू नये. पहिल्या वर्षी मी हे बोलले नव्हते. एकीने सगळे कपडे एका पिशवीत भरून मावशींना दिले. मावशींनी एक शब्द न बोलता त्यातले काही बाजूला काढून तिच्या पलंगावर ठेवले. त्या मुलीला वाटलं तिचे कपडे घाण समजून परत केलेत, दोन दिवस ती मावशींशी नजर मिळवत नव्हती. आता मी वेगळी छोटी बादली आणि साबणाची वडी देते आणि सांगते, हे रोज आंघोळीच्या वेळी आपले आपण धुवायचे, इथे सगळ्या बायका तसंच करतात. वाळत घालायला खोलीतलाच स्टँड. गॅलरीतल्या दोरीवर घातले तर समोरच्या बिल्डिंगला काय वाटेल हा भाग मी चार शब्दांत उरकते.

त्यांच्या घरी कपडे वाळवायचं यंत्र असतं. ऑगस्टमधल्या पुण्यात जीन्स वाळायला दोन-तीन दिवस लागतात आणि तिला कुबट वास येतो, हे त्यांच्या कल्पनेतही नसतं. शेवटचा कोरडा कपडा अंगात येईपर्यंत थांबू नका, असं आधीच बजावा. दुसरी गोष्ट, पहिल्याच आठवड्यात त्या तुळशीबागेतून किंवा लक्ष्मी रोडवरून लाल-निळे कुर्ते आणतात आणि पांढऱ्या टी-शर्टांबरोबर मशीनमध्ये टाकतात. नवा कुर्ता पहिल्या दोन-तीन वेळा वेगळा, गार पाण्यात, हाताने. इस्त्रीवाल्याकडे द्यायचे कपडे मोजून द्या आणि मोजून घ्या, एवढंच.

घरातल्या पद्धतींची यादी करायला बसलात तर संपणार नाही. चपला दाराबाहेर आणि देवघराकडे पाय करून बसायचं नाही, हे त्या बघून शिकतात. बोलावं लागतं ते बंद दाराबद्दल. त्या खोलीत गेल्या की दार लावून घेतात. सासूबाईंना वाटेल पोरगी रुसली किंवा आजारी आहे. उलट आपण दार लोटून "चहा घेतेस का गं?" म्हणत आत जातो, आणि त्या दचकतात. दोन्ही बाजूंनी करार करा: बंद दार म्हणजे राग नाही, आणि आम्ही टकटक करून, 'ये' ऐकूनच आत येऊ. त्याबदल्यात संध्याकाळचा चहा सगळ्यांबरोबर हॉलमध्ये. मित्र आले तर तेही हॉलमध्येच. घराबाहेर पडताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणायचं, हे मी मुद्दाम शिकवते. त्याने सासूबाई जितक्या विरघळतात तितक्या भेटवस्तूंनी विरघळत नाहीत.

एक नाजूक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचार करून ठेवा. तुमच्या घरी पाळीच्या दिवसांत देवघर किंवा स्वयंपाकघर वर्ज्य असेल, तर ते पहिल्या बोलण्यात सांगणंसुद्धा उशिराचं आहे. मुली यायच्या आधीच समन्वयकांना सांगा, म्हणजे ते मुलींना विचारूनच ठरवतील. आमच्या ओळखीत एका घरी हे मध्येच कळलं आणि मुलगी दुसऱ्या दिवशी सामान घेऊन निघून गेली.

तुमचं बोलून झालं की त्यांना विचारा: तुम्हाला काय खटकेल असं वाटतंय? पहिल्यांदा त्या "सगळं छान आहे" म्हणतील. ते आपल्या पहिल्या 'नको'सारखंच असतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा विचारा, एकेकीला वेगळं. तेव्हा खरं बाहेर येतं: भाजी तिखट लागते, सकाळी सहाला मिक्सर डोक्यात जातो, आजी पगार आणि लग्न विचारतात. आमच्याकडे मिक्सरची वेळ साडेसातवर गेली ती अशीच.

आणि हो, पहिल्या संध्याकाळी त्या झोपायच्या आधी दोघींच्या पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो काढून घ्या. परदेशी माणूस मुक्कामाला आल्याची खबर २४ तासांच्या आत ऑनलाइन द्यावी लागते, ज्याला लोक 'सी फॉर्म' म्हणतात ते. त्यासाठी तुमच्या घराची नोंदणी आधी करावी लागते, आणि ती मंजूर व्हायला वेळ लागतो. ऑगस्टची वाट न बघता या आठवड्यातच समन्वयकांना विचारून अर्ज करा.